कोकणी म्हणजे मोदक की मासे?

पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी हे अगदी सहज विचारलं. हातात लाल पेन, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि पुढ्यात मी लिहिलेला कागद. धाकट्या भावाने आणि त्याच्या बायकोने कोथरूडमध्ये आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर हॉटेलसाठी गाळा घेतला होता, आणि आजूबाजूच्या बिऱ्हाडांना नि दुकानदारांना द्यायचं पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं होतं. 'ताई, तुझं मराठी चांगलंय,' एवढ्या भांडवलावर. काकू शाळेतून मराठीच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या, म्हणून छापायला टाकण्याआधी त्यांची नजर फिरावी असं वाटलं. त्यांनी 'निमंत्रीत'मधली दुसरी वेलांटी पहिली केली, 'स्नेहांकीत'चं तेच केलं, आणि मग 'अस्सल कोकणी चवीचं घरगुती उपाहारगृह' या ओळीवर पेन टेकवून थांबल्या. "कोकणी म्हणजे मोदक की मासे?" मी म्हटलं, "दोन्ही, काकू." त्या हसल्या नाहीत. कागद परत देताना एवढंच म्हणाल्या, "माझ्या स्वयंपाकघराची खिडकी तुमच्या मागच्या दाराच्या बरोब्बर वर येते."

तो कागद घेऊन मी दोन जिने चढून घरी आले आणि चहा ठेवला. उत्तर चुकीचं नव्हतं. मोदक हॉटेलात होणारच नव्हते, तेवढी थाप होती. पण मला टोचलं ते निराळंच. मी 'कोकणी' हा शब्द जाणूनबुजून निवडला होता. 'मालवणी' लिहिलं असतं तर पुण्यातल्या शेंबड्या पोरालाही मासे कळले असते. 'कोकणी' म्हणजे कसं, आंबा, फणस, सोलकढी, अंगणातली तुळस. माझ्या शब्दाने मासे टोपलीत घालून वर केळीचं पान झाकलं होतं.

ही झाकायची सवय आईकडून आली असणार. आम्ही पुण्यात आलो तेव्हा दोन खोल्यांत भाड्याने राहायचो, आणि मालकांची पहिली अट मांसाहार चालणार नाही ही होती. बाबांनी मान डोलावली. आईने मान डोलावली नाही, पण ती बोललीही नाही. महिन्यातून एखाद्या बुधवारी ती गणेश पेठेतल्या मासळी बाजारातून चार बांगडे आणायची, तेही कापडी पिशवीत, वर मेथीची जुडी. खिडक्या लावायच्या, दाराच्या फटीला ओलं फडकं, उदबत्त्या एकदम चार. तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या आमटीचा आणि उदबत्तीचा मिळून जो एक वास होतो तो मला आजही कुठल्या देवळात आला तर भूक लागते. काटे वर्तमानपत्रात गुंडाळून बाबा रात्री 'पान खाऊन येतो' म्हणत दोन गल्ल्या पलीकडे टाकून यायचे. बाबा पान खात नसत. मालकीणबाईंना हे कळत होतं का? आता वाटतं, पहिल्याच बुधवारी कळलं असेल. उदबत्तीने मासा झाकला जात नाही. फक्त शेजाऱ्याला एवढं कळतं की यांच्याकडे झाकण्यासारखं काहीतरी आहे.

मी पत्र फाडलं.

नवं लिहायला बसण्याआधी भावाला आणि भावजयीला समोर बसवून विचारलं, वास नक्की कुठून येणार? हे मला आधीच विचारायला हवं होतं. माझी समजूत होती की वास तळणीचा. भावजय हसली. तिचं म्हणणं, तळणीचा वास धुराड्यातून जातो. चुलीवर हूड, त्यात जाळ्या, जाळ्या रोज रात्री गरम पाण्यात सोडा घालून धुवायच्या, आणि पत्र्याचा डक्ट भिंतीने सरळ गच्चीच्या वरपर्यंत. त्याला सोसायटीची परवानगी लागली, तीन बैठका लागल्या, पैसे लागले, पण तो प्रश्न पैशाने सुटला. खरा वास येतो तो कच्च्या माशाच्या पाण्याचा. मासे रात्रीच्या गाडीने थर्माकोलच्या खोक्यांत बर्फ घालून येतात. सकाळपर्यंत बर्फ अर्धा वितळलेला असतो, आणि गाडीवाला खोकं दाराशी आपटून जातो तेव्हा त्यातलं गुलाबी पाणी फरशीच्या सांध्यांत शिरतं. दुपारी ऊन लागलं की ती फरशी बोलायला लागते. दुसरा वास डोकी, खवले आणि कोळंबीच्या सालांचा. ओल्या कचऱ्याची गाडी सकाळी येते आणि साफसफाई तर दिवसभर चालते, म्हणजे तो कचरा अठरा-वीस तास कुठेतरी थांबणार. त्यावर तिने उपाय शोधला होता: एक जुना छोटा फ्रीझर फक्त कचऱ्यासाठी. सालं-डोकी पिशवीत बांधून त्यात गोठवायची आणि सकाळी गाडी आली की दगडासारखी पिशवी बाहेर. गोठलेल्याला वास नाही. हे ऐकल्यावर मला पत्र कसं लिहायचं ते कळलं. जे तिने मला पाच मिनिटांत सांगितलं तेच काकूंना सांगायचं होतं, आणि मी त्यांना तुळशीचं अंगण दाखवत होते.

मग तारखेचा घोळ. माशांच्या हॉटेलाला मराठी पंचांग फारसं अनुकूल नाही. जून-जुलैत मासेमारीला बंदी. ती उठते न उठते तोच श्रावण. पुष्कळ घरांत तो गणपती पाण्यात जाईपर्यंत ताणतात. पाठोपाठ पितृपक्ष, त्यात कुणी नवीन काही सुरू करत नाही. लगेच नवरात्र. गाळ्याचं भाडं मात्र सगळे महिने सारखंच. भावाला दसऱ्याचा मुहूर्त हवा होता. गेल्या वर्षी दसरा २ ऑक्टोबरला, गुरुवारी आला. "दसऱ्याला, त्यात गुरुवारी, सुरमई कोण खाणार आहे? त्या दिवशी माणसं श्रीखंड खाऊन झोपतात," भावजय म्हणाली. शेवटी दसऱ्याला फक्त पूजा, शेगडीवर दूध उतू घालायचं, आणि लोकांना बोलवायचं ते रविवारी, ५ तारखेला. रविवार हा सगळ्यात निर्मळ माशाचा वार. पत्रं मात्र नवरात्रातच वाटावी लागणार होती, आणि त्याबद्दल एका बाईंनी दारातच, "घट बसलेत आमच्याकडे, आणि तुम्ही मासे कसले सांगताय," असं ऐकवलं. मी सॉरी म्हटलं. पत्र त्यांनी ठेवून घेतलं.

पत्रात किती माणसांना बोलवायचं हा माझ्या दृष्टीने सौजन्याचा प्रश्न होता. भावजयीच्या दृष्टीने तव्याचा. आजीच्या गावी 'चूलबंद आमंत्रण' असायचं, म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायची नाही, सगळे या. मला पत्रात तो शब्द फार घालायचा होता. ती वही घेऊन बसली. आमच्या इमारतीत चोवीस बिऱ्हाडं, शेजारच्या तीन इमारती मिळून बहात्तर, आणि रस्त्यावरची सतरा दुकानं. निम्मी बिऱ्हाडं आली आणि घरटी तीन माणसं धरली तरी दीडशेच्या आसपास. हॉटेलात खुर्च्या अठ्ठावीस. माणूस अर्ध्या तासात उठला तर तासाला छप्पन्न. मी म्हटलं, मग तीन तासांत झालंच की. "खुर्च्यांचं झालं. घावनांचं कुठे झालं?" घावन म्हणजे तांदळाच्या पिठाचं पाण्यासारखं पातळ वाटण, बिडाच्या तव्यावर हाताने फेकायचं, वर झाकण, जाळी पडली की उलटायचंही नाही. एका घावनाला तीन मिनिटं. तीन तव्यांवर तासाला साठ. ताटलीत दोन द्यायची म्हटली तर तासाला तीसच ताटल्या, आणि खुर्चीवर माणसं छप्पन्न. उरलेली सव्वीस एकमेकांची तोंडं बघत बसणार, आणि नव्या हॉटेलाबद्दल त्यांना एवढंच लक्षात राहणार की तिथे वाट बघावी लागते. म्हणून ताटलीत एकच घावन, सोबत काळ्या वाटाण्याची उसळ आणि वाटीभर गुळाचा नारळीरस. दुसरं हवं त्याने मागावं. आणि प्रत्येक इमारतीला आपापली वेळ. चूलबंद आमंत्रण बारगळलं. आजीच्या गावी शंभर माणसांना घावनं घालायला बायकाही वीस असायच्या, हे मी सोयीस्करपणे विसरले होते.

शेवटी आमच्या इमारतीसाठी जे पत्र झालं ते असं:

"सप्रेम नमस्कार. आपल्या इमारतीच्या तळमजल्यावर, पूर्वी झेरॉक्सचं दुकान होतं त्या गाळ्यात, आम्ही मालवणी जेवणाचं हॉटेल सुरू करत आहोत. इथे मासे शिजतील: सुरमई, बांगडा, कोळंबी, बोंबील. चिकन-मटणही असेल. शाकाहारी पदार्थांचा ओटा, तवे आणि भांडी वेगळी आहेत. धूर वर नेणारं धुराडं गच्चीच्या वर काढलं आहे. त्याची मोटर रात्री साडेदहाला बंद होईल. माशांची गाडी सकाळी साडेसहा ते सात या वेळात येईल. माशांची खोकी मागच्या वाटेत ठेवली जाणार नाहीत. रविवार, ५ ऑक्टोबरला संध्याकाळी पाच ते सहा ही वेळ आपल्या इमारतीसाठी ठेवली आहे. घावन, उसळ आणि रस असेल. त्या दिवशी संध्याकाळी सातपर्यंत स्वयंपाकघरात मासे येणार नाहीत, त्यामुळे शाकाहारी मंडळींनी निःशंक यावं. या वेळेत पैसे घेणार नाही. आहेर, पुष्पगुच्छ आणू नयेत. काही त्रास झाला तर खालचा नंबर आम्हा दोघांचा स्वतःचा आहे, हॉटेलचा नाही."

खाली दोघांच्या शाईच्या सह्या. सगळं एका बाजूला, कारण कागद उलटून कुणी वाचत नाही. छापखानेवाल्याने वर गणपती, खाली दोन समया आणि मधे 'आमचे येथे श्रीकृपेकरून' अशी तयार चौकट दाखवली होती. भाऊ मोहात पडला होता, पण 'श्रीकृपेकरून' नंतर लगेच 'सुरमई, बांगडा' वाचायला त्यालाच कसंसं झालं. ती चौकट घेतली नाही.

'पैसे घेणार नाही' हे वाक्य भावाला उद्धट वाटत होतं. पण ते नसलं की काय होतं ते आपण सगळ्यांनी भोगलंय. उद्घाटनाला बोलावलेलं असतं, बशी हातात येते, आणि माणूस एका हाताने चमचा नि दुसऱ्या हाताने खिशातलं पाकीट चाचपत गल्ल्याकडे बघत राहतो. द्यावेत तर यजमानाचा अपमान, न द्यावेत तर आपली लाज.

दुकानदारांचं पत्र मी आधी तेच ठेवलं होतं, फक्त 'बिऱ्हाड' काढून 'दुकान'. भाऊ पहिलं पत्र घेऊन समोरच्या चहाच्या टपरीवाल्याकडे गेला. त्याने उभ्या उभ्या वाचलं, घडी घातली आणि विचारलं, "चहा ठेवणार का?" मेन्यूत चहा होता. भावाने खरं सांगितलं. टपरीवाला "बरं" म्हणाला आणि गिऱ्हाइकाकडे वळला. भाऊ घरी येऊन गप्पगप्प होता. हिशेबी भावजयच, ती म्हणाली, दहा रुपयांच्या चहावर माणूस पाऊण तास टेबल अडवून बसतो, तेवढ्यात तिथे एक थाळी होऊन जाते, आपल्याला चहा परवडतच नाही, काढून टाक. त्याप्रमाणे दुकानांच्या पत्रात 'आमच्याकडे चहा मिळणार नाही' हे वाक्य गेलं, आणि उद्घाटनाच्या दिवशीचा सगळा चहा त्याच टपरीवर सांगितला. लोक याला आमचा मोठेपणा समजले. समजू दिलं.

दुकानदारांना वासाचं फारसं पडलेलं नसतं. त्यांना पडलेलं असतं दारापुढच्या गाड्यांचं. शटरसमोर कुणाची बुलेट लागली की त्यांचं गिऱ्हाईक पुढच्या दुकानात. म्हणून त्यांच्या पत्रात माशांऐवजी गाड्या आल्या: आमच्या दारापुढे चार दुचाक्या मावतात, त्याहून जास्त आल्या तर आमचा मुलगा उठवायला उभा असेल, न उठवल्यास हाक मारा. आणि वेळ दुपारी साडेतीनची दिली. पुण्यात दुकानदाराला कुठेही बोलवायचं तर ती एकच फट आहे, झोप झालेली असते आणि शटर वर गेलेलं नसतं. किराणावाल्या शेठजींनी पत्र पूर्ण वाचलं, हात जोडले, "मी तुमच्याकडे पाणीसुद्धा पिणार नाही, वाईट वाटून घेऊ नका. पण तेल कुणाकडून घेताय?" असं म्हणाले. तेल त्यांच्याकडूनच येतं. ते अजून पाणी प्यायलेले नाहीत.

घरोघरचं वाटप आम्ही तिघांनी आधीच्या रविवारी सकाळी दहा ते बारा केलं. पाकिटांवर नावं मी घातली, जिन्याखालच्या पाटीवरून उतरवून. 'श्री. व सौ.' असं, नीट वळणदार. शेजारच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एका बाईंनी पाकीट घेतलं, नावावरून हलकेच अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "ह्यांना जाऊन चार वर्षं झाली. पाटी बदलायची राहिलीच." मागे घरात टीव्ही चालू होता. मी काहीतरी पुटपुटले. त्यांनीच मला पाणी विचारलं. उरलेल्या पाकिटांवरची नावं मी जिन्यात बसून खोडली आणि नुसतं 'कुटुंबीयांस' केलं. खोडलेल्या पाकिटांचं कुणाला काही वाटलं नाही.

उद्घाटनाच्या रविवारी काय झालं त्याचं फार सांगण्यासारखं नाही. सव्वापाचला एक तवा चिकटायला लागला आणि दोन तव्यांवर काम आलं. बरं झालं ताटलीत एकच घावन होतं. तिसऱ्या इमारतीची निम्मी मंडळी दुसऱ्या इमारतीच्या वेळेला आली. 'नक्की येतो' म्हणालेले आले नाहीत, 'बघतो' म्हणालेले सासूसासऱ्यांसकट आले. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या बाई मुलीला घेऊन आल्या. काकू पाचला पाच मिनिटं असताना आल्या, एक घावन खाल्लं, दुसरं घेतलं नाही. रस वाटीने प्यायल्या. निघताना स्वयंपाकघरात डोकावून वेगळा ओटा बघितला, मागचं दार उघडून वर स्वतःच्या खिडकीकडे बघितलं, आणि "बरं आहे," म्हणाल्या. त्या 'बरं आहे'चा अर्थ लावण्यात आमची ती रात्र गेली.

नोव्हेंबरात एका सकाळी गाडी उशिरा आली. आठ वाजून गेले होते, भाऊ बँकेत निघाला होता, पोऱ्या नवीन. त्याने तीन खोकी उतरवून मागच्या वाटेत भिंतीला लावून ठेवली आणि कांदे चिरायला आत गेला. दुपारपर्यंत ती तिथेच. मला वरून दिसलं नाही, दिसणार कसं, माझी खिडकी रस्त्याच्या बाजूला. फोन आला नाही. आरडाओरडा नाही. चारच्या सुमाराला काकूंकडे काम करणाऱ्या मावशी हॉटेलात येऊन भावजयीच्या हातात एक घडी केलेला कागद देऊन गेल्या. आमचंच पत्र. इतके दिवस त्यांनी ते जपून ठेवलं होतं, बहुधा लाइटबिलांच्या फाइलीत, कारण कडेला दोन भोकं होती. 'माशांची खोकी मागच्या वाटेत ठेवली जाणार नाहीत' या वाक्याखाली लाल रेघ. वाक्याबाहेर एक अक्षर नाही.

भावजयीने वाट फिनेलने दोनदा धुतली, मग गरम पाण्याने, मग परत फिनेलने. संध्याकाळी भाऊ वर जाऊन माफी मागून आला. काकूंनी त्याला चहा दिला, खोक्यांचा विषय काढला नाही. तो कागद आता फ्रीझरच्या वर भिंतीला चिकटवलेला आहे, नव्या पोऱ्याला पहिल्या दिवशी तो वाचून दाखवतात. मी परवा जवळ जाऊन बघितला. छापखान्यात 'नाहीत'चं 'नाहित' झालं होतं, आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. काकूंनी ती वेलांटीही दुरुस्त केली आहे.